डब्यावरचे चोवीस ग्रॅम: फोंड्यातल्या एका प्रोटीन पावडरचं प्रकरण

पार्श्वभूमी

निखिल (नाव बदललं आहे) २९ वर्षांचा, फोंड्याजवळ राहणारा. वेर्ण्याला औद्योगिक वसाहतीत शिफ्टची नोकरी, आठवड्यातून चार दिवस जिम, वजन ७२ किलो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत किडनी, लिव्हर, साखर सगळं ठीक. आहाराचा सल्ला घ्यायला तो माझ्याकडे आला तो श्रावणात, आणि या प्रकरणात श्रावणाला महत्त्व आहे.

एरवी त्याच्या घरी दोन्ही वेळच्या जेवणात मासळी असते. गोव्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरच्या मासेमारीला बंदी. त्या दिवसांत बाजारात मासळी कमी आणि महाग, त्यामुळे ताटात बांगड्याचा एखादाच तुकडा. बंदी उठते न उठते तोच श्रावण लागतो, मग गणपतीची चवथ होईपर्यंत मासळीही नाही आणि अंडीही नाहीत. म्हणजे जूनपासून चवथीपर्यंत त्याच्या जेवणातलं प्रोटीन पायरी-पायरीने उतरत गेलं होतं, आणि व्यायाम मात्र तेवढाच चालू होता. पावडरचा डबा त्याने आणला तो याच काळात, जुलैच्या मध्यात.

त्याच्याकडून तीन दिवसांचं खाणं लिहून घेतलं. भात, वरण, मुगागाठी, अळसांद्यांचं तोणाक, पाव, चहा, रात्री चपाती-भाजी. बेरीज साधारण ६० ग्रॅम प्रोटीन. नियमित वजनं उचलणाऱ्या माणसाला वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास असावं, या हिशेबाने त्याला ११५ हवं होतं. मे महिन्यातलं खाणं आठवून सांगायला लावलं, तेव्हा आकडा ८५ ते ९० पर्यंत गेला. तूट खरी होती. पण ती वर्षभर सारखी नव्हती.

अडचण

पावडर सुरू केल्यापासून पोट फुगायचं. शेक प्यायल्यावर तासा-दोन तासांत गॅस, पोटात गुडगुड, काही सकाळी पातळ शौच. दुकानदार म्हणाला, "सुरुवातीला होतंच, सवय होईल." जिममधल्या ट्रेनरने प्लांट ब्लेंड घ्यायला सांगितलं. मामेभावाचं म्हणणं, आयसोलेट घे. मोबाइलवर कुणीतरी रात्री केसिन घेण्याचा सल्ला देत होतं.

"मॅडम, व्हे, केसिन की प्लांट, तेवढंच सांगा. मी आज संध्याकाळीच घेतो," तो म्हणाला.

मी त्याला म्हटलं, "आधी घरचा पावडरचा डबा घेऊन ये. आणि तो कशात कालवतोस तेही सांग."

व्हे म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातलं प्रोटीन, केसिन म्हणजे चोथ्यातलं, आणि प्लांट म्हणजे वनस्पतींचं. प्रकाराचा प्रश्न बहुतेक जण पहिला विचारतात. माझ्या मते तो शेवटचा. डब्यात लिहिलंय ते आहे का, हे कळल्याशिवाय व्हे आणि प्लांटची तुलना म्हणजे दोन लेबलांची तुलना, दोन पावडरींची नव्हे.

डबा वाचताना

डब्याच्या तोंडावर मोठ्या अक्षरात "व्हे" आणि "२४ ग्रॅम प्रोटीन". मागे एका स्कूपचं वजन ४० ग्रॅम. चाळिसात चोवीस म्हणजे १०० ग्रॅममध्ये ६०. साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये बाजारात सहसा ७० ते ८० टक्के प्रोटीन असतं, जास्त गाळून केलेल्या आयसोलेटमध्ये ८५ ते ९०. मग उरलेले ४० टक्के काय? चॉकलेटचा स्वाद आणि गोडी यांना दहा टक्के धरले तरी बरंच उरतं. कर्बोदकांच्या ओळीत स्कूपमागे ११ ग्रॅम होते.

आता घटकांची यादी. आपल्याकडच्या लेबल नियमांप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिलं नाव होतं "प्रोटीन ब्लेंड", आणि कंसात व्हे कॉन्सन्ट्रेट, सोया प्रोटीन आयसोलेट, साय काढलेल्या दुधाची पावडर. कुठलं किती, याचा पत्ता नाही. त्यानंतर माल्टोडेक्स्ट्रिन, मग कोको, मग "अमिनो मॅट्रिक्स ४ ग्रॅम", आणि त्याच्या कंसात ग्लायसिन, टॉरिन, क्रिएटिन मोनोहायड्रेट. शेवटी मिसळद्रव्यांचे क्रमांक, आयएनएस ४६६, ४१५ आणि ९५५.

आयएनएसचे आकडे बघून लोक दचकतात. ४६६ आणि ४१५ ही दाटपणा आणणारी द्रव्यं आहेत, ४१५ म्हणजे झँथन गम. ९५५ म्हणजे सुक्रालोज, गोडीसाठी. ही सगळी परवानगी असलेली, ग्रॅमच्या अंशात पडणारी. काहींच्या पोटाला गम मानवत नाही, पण या डब्यातली मुख्य गोष्ट ती नव्हती. माल्टोडेक्स्ट्रिनही विष नाही, स्टार्चपासून केलेलं स्वस्त कर्बोदक आहे ते. फक्त ते प्रोटीनच्या भावाने कुणी विकत घेऊ नये.

मुख्य गोष्ट होती ती अमिनो मॅट्रिक्सची. इथे प्रोटीन मोजतात कसं ते समजून घ्यावं लागतं. प्रयोगशाळेत नेहमीच्या केल्डाल पद्धतीत प्रोटीन थेट मोजलं जात नाही. नमुन्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात, दुधाच्या पदार्थांसाठी ६.३८ ने. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून हा गुणक. पण यंत्राला नायट्रोजन कुठून आला ते कळत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दुधात नायट्रोजनने भरलेलं मेलामाइन मिसळलं गेलं ते याच फटीचा फायदा घेऊन. पावडरच्या धंद्यात मेलामाइनऐवजी स्वस्त सुटी अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीन ज्यांचं बनतं तसले घटक, घालतात. ती विषारी नसतात, पण हिशेब फुगवतात.

किती फुगवतात? एक ग्रॅम ग्लायसिन या चाचणीत जवळजवळ १.१७ ग्रॅम "प्रोटीन" म्हणून मोजलं जातं. टॉरिन तर शरीरातल्या प्रोटीनचा घटकच नाही, तरी त्याचा एक ग्रॅम ०.७ ग्रॅम म्हणून नोंदला जातो. क्रिएटिन मोनोहायड्रेटचा एक ग्रॅम सुमारे १.७५ ग्रॅम होतो. निखिलच्या डब्यात तिघांची मिळून बेरीज चार ग्रॅम, वाटणी गुप्त. दोन ग्रॅम ग्लायसिन, एक टॉरिन, एक क्रिएटिन अशी वाटणी धरली तर चोवीसपैकी पावणेपाच ग्रॅम तिथेच गेले. उरले एकोणीस.

हा अंदाज दुसऱ्या बाजूने पडताळता आला, कारण डब्यावर अमिनो आम्लांचा तक्ता होता आणि नशिबाने तो स्कूपमागचा होता. (पुष्कळ डब्यांवर तो १०० ग्रॅम प्रोटीनमागचा असतो. मग तो कच्च्या मालाच्या कागदावरून उतरवलेला असू शकतो आणि डब्याबद्दल काहीच सांगत नाही.) त्यात ल्युसिन १.७ ग्रॅम होतं. व्हे प्रोटीनमध्ये ल्युसिन साधारण दहा-अकरा टक्के असतं, म्हणजे चोवीस ग्रॅम खऱ्या व्हेमध्ये अडीच ग्रॅमच्या आसपास दिसायला हवं. सोयात ते आठ टक्क्यांच्या जवळपास. दोघांच्या मिश्रणाला सरासरी नऊ टक्के धरले, तर १.७ ग्रॅम ल्युसिन मिळायला एकोणीस ग्रॅम प्रोटीन लागतं. दोन वेगळ्या वाटांनी आकडा एकाच जागी आला. प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा हा हिशेब घेत नाही, पण डबा बाजूला ठेवायला तो पुरेसा होता.

पोटाचं कारण

निखिल शेक करायचा ३०० मिलिलिटर दुधात. दुधात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, सुमारे पावणेपाच टक्के, म्हणजे एका ग्लासात १४ ग्रॅम. लॅक्टोज नीट न पचणाऱ्यांपैकी बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत फारसा त्रास होत नाही. तो उंबरठा नुसत्या दुधानेच ओलांडला जात होता. वर डब्यातली दूध पावडर, जिच्यात निम्मं वजन लॅक्टोजचं. तो चहाखेरीज दूध कधी पीत नसे, त्यामुळे आपल्याला दूध सोसत नाही हे त्याला कळण्याची वेळच आली नव्हती. दोष सगळा पावडरवर गेला.

याउलट चांगल्या ८० टक्क्यांच्या व्हे कॉन्सन्ट्रेटच्या ३० ग्रॅम स्कूपमध्ये लॅक्टोज दीड-दोन ग्रॅम असतं. पाण्यात घेतलं तर ते बहुतेकांना सोसतं.

समोरचे पर्याय

पहिला निर्णय: पावडर घ्यायचीच का? नुसत्या अन्नावर ११५ गाठता येतं का ते पाहिलं. तीस ग्रॅम कोरडे सोया चंक्स म्हणजे १५ ग्रॅम प्रोटीन, शंभर ग्रॅम पनीर म्हणजे १८ च्या आसपास, दुपारी वाटीभर जास्त दही. दही त्याला सोसत होतं, विरजणात लॅक्टोज थोडं कमी होतं आणि ते हळू पचतं. एवढ्याने २५ ते ३० ग्रॅम भरून निघत होते. उरलेले पंचवीस त्याच्या शिफ्टच्या वेळा आणि डब्यातलं जेवण पाहता रोज जमतील असं मला वाटलं नाही. एक स्कूप, तूर्त श्रावणापुरता, हे ठरलं.

मग प्रकार. केसिन मी आधी बाजूला काढलं. ते पोटात गुठळी धरतं आणि सावकाश पचतं, म्हणून झोपण्यापूर्वी घेतात. झोपेआधी ४० ग्रॅमच्या आसपास केसिन दिल्यावर रात्रीत स्नायूंची बांधणी वाढते असे अभ्यास आहेत. पण निखिलची अडचण रात्रीची नव्हती, दिवसभराच्या बेरजेची होती. शिवाय दुधातल्या प्रोटीनचे ऐंशी टक्के केसिनच असतं, त्यामुळे रात्रीच्या जेवणात पनीर आलं की केसिन आलंच. ज्याला रात्री लवकर जेवून बराच वेळ उपाशी राहावं लागतं आणि दिवसाचं गणित आधीच जमलेलं आहे, त्याने केसिनच्या जादा पैशाचा विचार करावा.

प्लांट ब्लेंडचा विचार जास्त वेळ केला. वाटाणा आणि तांदूळ यांची जोडी चांगली जमते, कारण तांदळात लायसिन कमी असतं ते वाटाणा भरून काढतो आणि वाटाण्यात कमी पडणारं मेथिओनिन तांदळातून येतं. लॅक्टोज शून्य. पण स्नायूंच्या बांधणीला चालना देणारं ल्युसिन आठ टक्क्यांच्या जवळ असल्याने व्हेच्या २४ ग्रॅमचं काम करायला तीस ग्रॅम प्रोटीन घ्यावं लागतं. आणि वनस्पती जमिनीतून शिसं, कॅडमियम ओढतात, तांदूळ आर्सेनिकही. चॉकलेट स्वाद असेल तर कोकोतून कॅडमियमची भर. म्हणून प्लांट ब्लेंड घ्यायचं तर जड धातूंचा अहवाल हवाच, व्हेपेक्षाही इथे त्याची गरज जास्त. निखिलने तीन कंपन्यांना विचारलं, एकीनेही बॅचचा अहवाल पाठवला नाही. श्रावणात दूध-दही चालतं, त्यामुळे दुग्धजन्य टाळण्याचं दुसरं कारणही नव्हतं. दुधाच्या प्रोटीनची ॲलर्जी असती तर निर्णय उलटा झाला असता. लॅक्टोज न पचणं आणि दुधाची ॲलर्जी या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, ॲलर्जीवाल्याला आयसोलेटही चालत नाही.

राहिले कॉन्सन्ट्रेट आणि आयसोलेट. इथे भाव डब्यामागे न काढता खऱ्या प्रोटीनच्या ग्रॅममागे काढला. त्याचा जुना डबा किलोला १,८९९ रुपयांचा. पंचवीस स्कूप, प्रत्येकी एकोणीस ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला चार रुपये. त्याने पाहिलेलं आयसोलेट किलोला ३,३०० रुपयांचं, त्यात सव्वाआठशे ग्रॅम प्रोटीन, तेही ग्रॅमला चारच रुपये. बिनस्वादाचं कॉन्सन्ट्रेट २,३०० रुपयांचं, ग्रॅमला तीन रुपयांच्या आत. "म्हणजे मी आयसोलेटच्याच भावाने माल्टोडेक्स्ट्रिन घेत होतो?" असं म्हणून त्याने तो कागद फोटो काढायला मागितला.

तपासणीचे कागद

एफएसएसएआयचा लोगो आणि १४ आकडी परवाना क्रमांक प्रत्येक डब्यावर असायला हवा. तो फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर घालून परवाना खरा आहे का, कुणाच्या नावावर आहे ते बघावं. पण तो धंदा करण्याचा परवाना आहे. या बॅचमध्ये किती प्रोटीन आहे, हे तो सांगत नाही.

"लॅब टेस्टेड" या शिक्क्यालाही एकट्याने काही अर्थ नाही. २०२४ मध्ये "मेडिसिन" या नियतकालिकात भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. म्हणून मी अहवालच मागायला सांगते आणि तो कसा वाचायचा ते शिकवते.

आयसोलेटच्या डब्यावरच्या क्यूआर कोडमधून एक अहवाल उघडला. दिसायला चोख. पण त्यावरचा बॅच क्रमांक डब्यावरच्याशी जुळत नव्हता, तारीख वर्षभर जुनी, आणि प्रोटीनच्या आकड्यापुढे बारीक अक्षरात "कोरड्या वजनावर". ओलावा वजा करून काढलेला आकडा नेहमी मोठा दिसतो. पाच टक्के ओलावा असेल तर कोरड्या वजनावरचे ८० प्रत्यक्ष पावडरीत ७६ भरतात. त्यावर नुसता नायट्रोजनचा आकडा होता, अमिनो आम्लांचा तक्ता नव्हता. म्हणजे ज्या फटीबद्दल शंका, तीच उघडी.

कॉन्सन्ट्रेटच्या कंपनीला निखिलने डब्यावरचा बॅच क्रमांक पाठवून ईमेल केला. चार दिवसांनी त्याच बॅचचा अहवाल आला. प्रयोगशाळेला एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या संस्थेची मान्यता होती, आणि मान्यता नेमक्या याच चाचण्यांसाठी आहे हे आम्ही यादीत पाहून घेतलं. आहे तशा पावडरीत ७७.९ टक्के प्रोटीन, ल्युसिन प्रमाणात, ग्लायसिन थोडंसंच (व्हेमध्ये ते मुळातच दोन टक्क्यांच्या आसपास असतं, फुगवलेल्या मालात ते वर उडी मारतं), टॉरिन नाही, शिसं आणि कॅडमियम मर्यादेत. एक उणीव राहिली: नमुना कंपनीनेच पाठवला होता. बाजारातून उचललेल्या डब्याची तपासणी यापेक्षा भक्कम.

परदेशी शिक्क्यांबद्दल तो विचारत होता. इन्फॉर्म्ड स्पोर्ट आणि इन्फॉर्म्ड चॉइस हे मुख्यतः बंदी घातलेल्या उत्तेजकांसाठी असतात. स्पर्धेत उतरणाऱ्या, डोपिंग चाचणी होऊ शकणाऱ्या खेळाडूसाठी ते मोलाचे. लेबलवरचं प्रोटीन खरं आहे का, याचं उत्तर त्यात मिळेलच असं नाही. एनएसएफच्या "सर्टिफाइड फॉर स्पोर्ट"मध्ये लेबलवरचे दावे आणि दूषित घटक दोन्ही पाहतात.

काय केलं

नवा डबा लगेच घेऊ दिला नाही. पहिला आठवडा जुनीच पावडर, तितकीच, फक्त दुधाऐवजी पाण्यात. उद्देश एवढाच की दूध आणि पावडर यांचा दोष वेगळा करता यावा. गुडगुड आणि पातळ शौच थांबलं, थोडा गॅस राहिला. मग नवं बिनस्वादाचं कॉन्सन्ट्रेट, आधी अर्धा स्कूप, मग पूर्ण, पाण्यात. चव त्याला आवडली नाही, म्हणून घरी अर्ध्या केळ्याबरोबर फिरवून घेऊ लागला. सोबत सोया, पनीर, दही ठरल्याप्रमाणे.

निष्पत्ती

राहिलेला गॅसही गेला. तो दूध पावडरमुळे होता, सोयामुळे की गममुळे, हे सांगता येत नाही, कारण नव्या डब्यात तिन्ही नव्हती. रोजची बेरीज ११० च्या आसपास स्थिरावली. चवथीनंतर मासळी आणि अंडी परत आली, तेव्हा पुन्हा तीन दिवसांचं खाणं लिहून घेतलं. सोया आणि दही चालू ठेवलं तर पावडर फक्त जिमच्या दिवशी पुरते, असं निघालं. किलोचा डबा आता दोन महिने जातो.

वेगळं काय करता आलं असतं

जुन्या डब्याबद्दल तक्रार करायची निखिलची इच्छा होती. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो, आणि नियमभंग निघाला तर शुल्क परत मिळतं. पण एक अट आहे: तपासणी करून घेणार असल्याचं विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं. इथे डबा उघडलेला, अर्धा संपलेला, पावती हाताने लिहिलेली आणि तिच्यावर बॅच क्रमांक नाही. बांबोळीच्या अन्न आणि औषध प्रशासन संचालनालयाकडे माहिती म्हणून लेखी तक्रार देता आली, ती त्याने दिली. बॅच क्रमांकासह पक्कं बिल असतं आणि दुसरा सीलबंद डबा हाताशी असता, तर त्या तक्रारीला जास्त वजन आलं असतं.

दुसरं, अहवाल डबा घेण्याआधी मागता येतो. दुकानात उभं राहून बॅच क्रमांकाचा फोटो घ्यायचा, कंपनीला पाठवायचा, उत्तर आल्यावर तोच बॅच घ्यायचा. निखिलचा पुढचा डबा संपत आला तेव्हा दुकानात नवी बॅच आली होती आणि तिचा अहवाल यायला दहा दिवस लागले. तेवढे दिवस त्याने सोया चंक्स वाढवले आणि संध्याकाळी दोन अंडी घेतली.

तिसरं, श्रावणाऐवजी मे महिन्यातच खाण्याची नोंद झाली असती, तर मासळी हटल्यावर किती तूट पडणार हे आधी दिसलं असतं आणि जवळजवळ निम्मी तूट पावडर येण्यापूर्वी ताटातच भरून निघाली असती. पुढच्या वर्षीची नोंद आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात घेणार आहोत.